सूचना : कृपया एकाच भाषेत भांडावे

आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडवर. तीन विंग, प्रत्येक विंगेला दोन लिफ्ट आणि त्यातली एक चालू. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुपही असाच आहे. नाव इंग्रजीत, डीपी गणपतीचा आणि डिस्क्रिप्शनमध्ये 'कृपया शांति बनाए रखें' असं हिंदीत. ग्रुप बनवणाऱ्याने तिन्ही भाषांना सारखा न्याय दिला तो तेवढ्यापुरताच. पुढचं सगळं सदस्यांवर सोडलं, आणि सदस्यांनी ते सोडलं नाही.

ग्रुपवर कोण कुठल्या भाषेत लिहितो हे त्याच्या आडनावावरून कळत नाही, त्याच्या मनःस्थितीवरून कळतं. सकाळचा सुविचार मराठीत येतो, कारण तो कुणीतरी गावाहून पाठवलेला असतो. पार्किंगची चौकशी हिंदीत होते, कारण गाडी कुणाची हे अजून ठाऊक नसतं आणि अनोळखी माणसाशी हिंदीत बोलावं हा ठाणेकराचा संस्कार आहे. गाडी कुणाची हे एकदा कळलं, की मजकूर इंग्रजीवर जातो. 'काइंडली' हा शब्द आमच्याकडे नम्रतेसाठी वापरतच नाहीत. 'काइंडली रिमूव्ह युअर व्हेइकल' याचा अर्थ 'गाडी काढ नाहीतर हवा काढतो' असाच घ्यायचा. 'प्लीज नोट' त्याहून एक पायरी वर. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' आलं की समजावं, आता बायलॉजचा पीडीएफ येणार. टोमणा मात्र परत मराठीत. टोमणा मारायला मराठीसारखी भाषा नाही, आणि ज्याला मारायचा त्याला कळू नये पण बाकीच्यांना कळावा ही सोय अशा ग्रुपवर फुकट मिळते. शेवटी कुणीतरी वडीलधारा हिंदीत 'छोड़िए ना, सब अपने ही हैं' म्हणतो आणि समेट होतो. म्हणजे चौकशी हिंदीत, भांडण इंग्रजीत, टोमणा मराठीत आणि समेट पुन्हा हिंदीत. ही विभागणी कुणी ठरवलेली नाही, पण कुणी मोडतही नाही.

आता यात अडचण काय, असं कुणी विचारेल. ज्याला जे येतं ते त्याने लिहावं. बरोबर आहे. प्रश्न विचारणाऱ्याने खुशाल कुठल्याही भाषेत विचारावं. घोडं अडतं ते उत्तरापाशी. 'पाणी कधी येणार?' हे एकच माणूस विचारतो, पण उत्तराची वाट तिन्ही विंगा बघत असतात. विचारणारा हिंदीत विचारतो म्हणून सेक्रेटरी हिंदीत उत्तर देतात. मग ए विंगमधल्या आजी म्हणतात, मला कळलं नाही. मग सेक्रेटरी मराठीत लिहितात. तोवर अकराव्या मजल्यावरचा इंजिनियर इंग्रजीत विचारतो, की हे पहिल्या मेसेजचं भाषांतर आहे की दुरुस्ती? हा प्रश्न रास्त असतो, कारण मधल्या वेळात सेक्रेटरींनी टँकरवाल्याला पुन्हा फोन केलेला असतो आणि वेळ खरंच बदललेली असते.

त्यातही आपला मराठी माणूस उत्तराच्या बाबतीत फार उदार. वीस जण मराठीत बोलत असतात, एक हिंदी वाक्य येतं आणि वीसच्या वीस जण रूळ बदलतात. आमच्याकडे तर नावाऐवजी 'बी ११०४' असे नंबर सेव्ह केलेले असतात, त्यामुळे समोरचा कोण हेही कळत नाही. गच्चीवरच्या डिश अँटेनावरून बी ११०४ आणि सी ३०२ यांच्यात हिंदीत मोठी खडाजंगी झाली होती. 'आप समझते नहीं हो', 'मेरेको मत सिखाओ' इथपर्यंत गेली. पुढे लिफ्टमध्ये भेटले तेव्हा कळलं, एक चिपळूणचे आणि दुसरे गुहागरचे. तिथून पुढे भांडण मराठीत सुरू झालं आणि दर्जा एकदम सुधारला.

हे सगळं गमतीत चाललं असतं. पण टाकीचा प्रसंग घडला.

सोसायटीत पाण्याच्या दोन टाक्या असतात, खालची आणि वरची. महापालिकेचं किंवा टँकरचं पाणी खालच्या टाकीत पडतं, पंप ते वर चढवतो आणि वरच्या टाकीतून नळाला येतं. वरची टाकी धुवायची तर ती आधी रिकामी करावी लागते, माणूस आत उतरून तळाचा गाळ काढतो, भिंती घासतो, मग पुन्हा भरायची. भरेपर्यंत नळाला पाणी नाही. त्यामुळे आदल्या दिवशी सगळ्यांना कळवणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. सेक्रेटरींनी शनिवारी रात्री कळवलं. सर्वांना समजावं म्हणून त्यांनी भाषा निवडली नाही. तिन्ही घेतल्या. रोमन अक्षरांत, क्रियापदाला कात्री लावून त्यांनी लिहिलं : 'कल टँकी क्लीनिंग, टेन टू फोर, बी विंग, पानी बंद.'

निदान त्यांनी मनात असं लिहिलं. पडद्यावर 'कल'च्या जागी उमटलं ते के, ए आणि एल. ही तीन अक्षरं हिंदी माणूस 'कल' वाचतो आणि मराठी माणूस 'काल'. वाक्यात एखादं 'होगी' किंवा 'होणार' असतं तर काळ कळला असता, पण क्रियापद लिहायचं तर भाषा ठरवावी लागते, आणि सेक्रेटरींना नेमकं तेच टाळायचं होतं.

बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सोसायटी त्यांना सर म्हणते. सरांनी वाचलं, 'काल टाकी क्लीनिंग, पाणी बंद.' सर चक्रावले. काल शुक्रवार. शुक्रवारी त्यांनी स्वतः अंघोळ केली होती, ती थंड पाण्याने का होईना. त्यांनी चष्मा पुसला आणि शुद्ध देवनागरीत, पूर्णविरामासकट लिहिलं, 'काल पाणी बंद नव्हते. कृपया चुकीची माहिती प्रसृत करू नये.'

हे वाक्य सातव्या मजल्यावरच्या भाभींनी वाचलं. भाभी मूळच्या कानपूरच्या, देवनागरी उत्तम येते. त्यांना यातलं 'काल', 'पाणी', 'बंद' आणि 'न' एवढं लागलं. काल म्हणजे कल, असं त्यांनी जुळवून घेतलं आणि अर्थ लावला, की कल पानी बंद नहीं. त्यांनी हात जोडल्याची खूण टाकली आणि 'थँक यू सर जी' म्हटलं. भाभींनी आभार मानले म्हटल्यावर इंजिनियरने इंग्रजीत विचारलं, 'सो इट इज कॅन्सल्ड?' त्यावर सरांनी अंगठा दाखवला. सरांच्या लेखी अंगठा म्हणजे 'आपला प्रश्न पोहोचला'. इंजिनियरच्या लेखी अंगठा म्हणजे 'हो'. सेक्रेटरी तोवर झोपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बी विंगच्या निदान अर्ध्या न्हाणीघरांत साबण लावलेली माणसं उभी होती, आणि प्रत्येक जण आपापल्या मातृभाषेत बोलत होता.

यात नुसता हिंदीला दोष देऊन मोकळं व्हायला मराठी माणसाला मुभा नाही. 'काल' आणि 'उद्या' आपण नीट वेगळे ठेवले, पण 'परवा' पाशी आपणही थकलो. परवा गेलेला आणि परवा येणारा दोन्ही एकच. 'परवा मीटिंग होती ना?' आणि 'परवा मीटिंग आहे ना?' यात सगळा भार शेवटच्या शब्दावर, आणि चॅटमध्ये पहिला बळी त्या शब्दाचाच जातो. इंग्रजीवाल्यांनीही मिशीला पीळ देऊ नये. बुधवारी कुणी 'नेक्स्ट संडे' लिहिलं, तर तो येता रविवार की त्याच्या पुढचा, यावर आमच्याकडे रंगकामाच्या ठेकेदाराचा एक अख्खा दिवस वाया गेलेला आहे.

आणि मुळात हे रोमन लिपीचं खूळ आलं कुठून, हेही सांगून टाकतो. जुन्या साध्या फोनवर देवनागरी उमटायचीच नाही, आणि पुढे उमटायला लागली तेव्हा ती महाग पडायची. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावत आणि देवनागरी फक्त ७०. म्हणजे आईच्या भाषेत 'पोचलो, जेवलो, काळजी करू नको' याच्या पुढे आणखी चार वाक्यं लिहायची तर दोन मेसेजचे पैसे. मराठी माणूस भाषेवर प्रेम करतो, पण दुप्पट दराने नाही. त्या काळात बोटांना रोमनची सवय लागली ती लागलीच. आता फोनवर मराठी कीबोर्ड आहे, रोमनमध्ये टाइप केलं तरी देवनागरी उमटते, नुसतं बोललं तरी उमटते, शिवाय अक्षरागणिक पैसे नाहीत. पण सवय निवृत्त होत नाही. ळ आणि ल, ण आणि न, आखूड अ आणि लांब आ हे सगळे रोमनमध्ये एकाच पंगतीला बसतात, मग के, ए, एल आणि ए म्हणजे कला, कळा की काळा हे माणसाने संदर्भावरून ओळखायचं.

तर टाकीच्या प्रसंगानंतर कार्यकारिणीची बैठक झाली आणि उत्तराची भाषा ठरवण्यासाठी मतदान घ्यायचं असं ठरलं. व्हॉट्सॲपवर मतदानाची सोय आहे, पर्याय बारापर्यंत देता येतात. सेक्रेटरींनी प्रश्न लिहायला घेतला आणि तिथेच थांबले. 'ग्रुपवर उत्तर कुठल्या भाषेत द्यावे?' हा प्रश्न कुठल्या भाषेत विचारावा? मराठीत विचारला तर निकाल आधीच लावला असं म्हणणार. इंग्रजीत विचारला तर सर राजीनामा देणार, आणि सर कुठल्याही पदावर नसल्यामुळे तो स्वीकारताही येणार नाही. अखेर त्यांनी प्रश्नाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं आणि खाली तीन भाषांची नावं लिहिली. सोसायटीच्या इतिहासातला हा सर्वांत स्पष्ट मेसेज.

पण या मतदानात एक मेख असते. एकाहून जास्त उत्तरं निवडण्याची मुभा आपोआप चालू असते, ती आपण बंद करावी लागते. सेक्रेटरींनी केली नाही. लोकांनी मोठ्या मनाने तिन्ही भाषांना मत दिलं. मतदान सदस्यसंख्येच्या वर गेलं आणि तिन्ही भाषा बहुमताने निवडून आल्या. दुसऱ्यांदा मुभा बंद करून मतदान घेतलं, तेव्हा दुसरी मेख निघाली. कुणी कशाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं. मग भाडेकरूंनी घरमालक बघून मत दिलं, सुनांनी सासूबाई बघून दिलं, आणि सी विंगमधल्या गुजराती काकांनी आधी कुणाचं पारडं जड आहे ते बघितलं आणि मग त्या पारड्यात बसले. भाषेचा प्रश्न असा उघड्या मतदानाने सुटत नाही. तिथे भाषेला मत पडत नाही, शेजाऱ्याला पडतं.

आमचे खजिनदार केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झालेले. ते इतका वेळ गप्प होते. त्यांनी सांगितलं, की तुम्ही हा प्रश्न नवा समजता, पण सरकारने यावर कधीच विचार करून ठेवला आहे. १९७६ चे राजभाषा नियम काढा आणि पाचवा नियम वाचा. हिंदीत आलेल्या पत्राला केंद्र सरकारच्या कार्यालयाने हिंदीतच उत्तर द्यायचं. त्याच नियमांत देशाचे क, ख आणि ग असे तीन भाग पाडले आहेत आणि आपला महाराष्ट्र 'ख' मध्ये येतो. कुणाला कुठल्या भाषेत लिहायचं हे त्यावर ठरतं. आपणही ए, बी, सी विंग क, ख, ग धरू आणि विचारणाऱ्याच्या भाषेत उत्तर देऊ.

ऐकायला झकास वाटलं, आणि काही दिवस चाललंही. पण सरकारी पत्र आणि ग्रुपवरचा मेसेज यात एक मोठा फरक आहे. पत्राचं उत्तर एकाच माणसाकडे जातं. ग्रुपवरचं उत्तर सगळ्यांकडे जातं. लिफ्ट कधी दुरुस्त होणार हे तिघांनी तीन भाषांत विचारलं, तेव्हा पाचव्या नियमाप्रमाणे तीन उत्तरं गेली. मराठी उत्तर होतं, 'मेकॅनिक उद्या येईल.' इंग्रजी उत्तर होतं, 'मेकॅनिक एक्स्पेक्टेड टुमॉरो.' हिंदी उत्तर होतं, 'मेकैनिक ने कल का बोला है.' तिन्हींचा अर्थ सेक्रेटरींच्या डोक्यात एकच होता. वाचणाऱ्यांनी मात्र मराठीतून वचन घेतलं, इंग्रजीतून शक्यता घेतली, आणि हिंदी वाचून ज्याला मेकॅनिकांचा अनुभव आहे तो जिने चढायला लागला.

घटनेतही खजिनदारांनी आधार शोधला. अनुच्छेद ३५० प्रमाणे कुणालाही आपलं गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. गाऱ्हाण्याची सोय अशी आहे. त्याच्या उत्तराची भाषा कोणती, याबद्दल त्या अनुच्छेदात काही नाही. घटनाकारांना हाउसिंग सोसायट्यांची पूर्ण कल्पना असावी.

मग कुणीतरी सुचवलं, की प्रत्येक सूचना तिन्ही भाषांत द्या, वाद मिटेल. याइतका सज्जन आणि निरुपयोगी उपाय दुसरा नाही. मेसेज लांबला की फोन तो अर्ध्यात कापतो आणि खाली 'रीड मोअर' असं लिहितो. 'रीड मोअर'च्या खाली काय आहे हे आजवर ते लिहिणाऱ्याशिवाय कुणी वाचलेलं नाही. म्हणजे तीन भाषांतली तिसरी भाषा कायम तळघरात. साहजिकच क्रमावरून वाद सुरू झाला. मराठी वर असावी यावर फारसं दुमत नव्हतं, पण दुसरी कोण आणि 'रीड मोअर'खाली कोण यावरून जे काही झालं त्यापेक्षा टाकीचा रविवार बरा होता. शिवाय तिन्ही भाषांत लिहिणारा माणूस एकच, आणि त्याला दोनच नीट येतात. तिसरीत त्याने 'पाणी सांभाळून वापरा' हे असं काही उतरवलं, की पाण्यापासूनच जपून राहायचं आहे असं वाटून लोक दचकले.

एव्हाना माझं मत पक्कं झालं होतं. उत्तराची भाषा बहुमताने ठरवायची नसते आणि विचारणाऱ्यावरूनही ठरवायची नसते. मेसेज गेल्यावर कोण गोंधळतो, यावरून ठरवायची. आणि गोंधळलेला माणूस ग्रुपवर कधीच लिहीत नाही, तो फोन करतो. म्हणून मी सेक्रेटरींना एवढंच विचारलं, की सूचना टाकल्यावर तुम्हाला फोन कुणाचे येतात? त्यांना यादी तोंडपाठ होती. ए विंगच्या आजी, सर, भाभी, दोन-तीन काका, पहाटे दूध टाकणारा, आणि गेटवरचे वॉचमन, ज्यांना सगळं जग विचारतं पण ज्यांना ग्रुपमध्ये कुणी घेतलेलं नाही. अकराव्या मजल्यावरचा इंजिनियर? छे, त्याचा फोन कधीच नाही. तो कुठूनही अर्थ लावतो, चुकला तर ऑफिसात अंघोळ करतो.

यादीतले बहुतेक लोक देवनागरी वाचणारे. मराठीवाले तर वाचतातच, पण भाभी वाचतात, आणि बिहारमधले वॉचमनही वाचतात. रोमन लिपी यातल्या निम्म्यांना अडखळत वाचावी लागते. म्हणून ठरलं, की प्रश्न कुठल्याही भाषेत विचारा, समितीचं उत्तर एकाच भाषेत, मराठीत, आणि देवनागरीत. केरळचं एक कुटुंब आहे, त्यांना देवनागरी जड जाते. त्यांच्यासाठी वॉचमननी इंटरकॉमवरून सांगायचं असं ठरलं. ही सोय तुटपुंजी आहे हे मान्य, पण त्या वहिनी म्हणाल्या, पूर्वी मला तीन भाषांत काहीच कळत नव्हतं, आता निदान एका भाषेत कळत नाही आणि कुणाला विचारायचं ते माहीत आहे.

पण मराठीत लिहायचं म्हणजे सरांचं मराठी नव्हे. 'जलकुंभाची स्वच्छता प्रस्तावित असल्याने पाणीपुरवठा खंडित राहील' असं लिहिलं, तर ते भाभींनाही कळत नाही आणि आजींनाही. पुन्हा टाकी धुवायची वेळ आली, तेव्हा सेक्रेटरी, मी आणि भाभी असे तिघे जण भाभींच्या ओट्यापाशी बसलो आणि सूचना तयार केली. मी मराठी वाक्य सांगायचं, भाभींनी जिथे अडतील तिथे हात वर करायचा.

'उद्या' लगेच गेला. भाभींना उद्या ठाऊक होता, पण सूचना आज लिहिली आणि कुणी उद्या वाचली तर उद्याचा परवा होतो. म्हणून वार आणि तारीख. 'सकाळी १० ते दुपारी ४' यावर भाभींनी हात वर केला. त्यांच्याकडे चार वाजता दुपार नसते, 'शाम के चार बजे' असतात. आपल्याकडे चारला दुपारचा चहा होतो, संध्याकाळ दिवेलागणीला. शब्दावर अडून न बसता नुसतं '१० ते ४' ठेवलं, कारण रात्रभर टाकी कुणी धुणार नाही एवढा विश्वास सगळ्यांना आहे. मग आकड्यांवर गाडी आली. भाभींची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. तिने मराठी चार इंग्रजी आठ म्हणून वाचला आणि मराठी सात सहासारखा. बिचारीचं चुकलं नाही, दोन्ही दिसतातच तसे. संविधान सभेत राजभाषेवर चर्चा झाली तेव्हाही आकडे कुठले वापरायचे यावर चांगलीच जुंपली होती, आणि १४ सप्टेंबर १९४९ रोजी लिपी देवनागरी, आकडे मात्र आंतरराष्ट्रीय अशी तडजोड झाली. आम्हीही तीच स्वीकारली. 'पावणेदहा', 'साडेतीन' यांना सूचनेत बंदी. तोंडाने खुशाल म्हणा.

शेवटी जी सूचना उरली ती अशी. 'रविवार, तारीख १२. बी विंग. वरची टाकी साफ होणार. १० ते ४ पाणी बंद. ९ च्या आधी पाणी भरून ठेवा.' पडद्यावर आकडे इंग्रजी होते, इथे छापताना मराठी केले आहेत. यात रविवार, तारीख, साफ, पाणी, बंद हे शब्द हिंदी माणसाला जवळजवळ आयते मिळतात. 'वरची'पाशी भाभी थांबल्या, पण बोट वर केल्यावर समजल्या. 'ठेवा' हा शब्द मात्र त्यांनी शिकून घेतला. म्हणाल्या, 'रखो से अच्छा है, ऑर्डर नहीं लगता.' मी मान डोलावली, कारण सरांना हे सांगितलं असतं तर आज्ञार्थावर तास झाला असता. त्या रविवारी सेक्रेटरींना एकच फोन आला, तोही दुसऱ्या सोसायटीतून, आमच्या टाकीवाल्याचा नंबर मागायला.

दोन गोष्टी मात्र नियमाबाहेर ठेवल्या. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, गॅसचा वास आला, कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असलं, तर ज्या भाषेत तोंडातून निघेल त्या भाषेत लिहा आणि ज्या भाषेत जमेल त्या भाषेत धावत या. आणि दुसरी म्हणजे कुणी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर दिलं, तर व्याकरण तपासायचं नाही. ही दुसरी अट सरांसाठी होती, आणि परीक्षाही त्यांचीच झाली. नव्याने राहायला आलेल्या, लखनौकडच्या एका तरुणाने मराठी शिकायचं मनावर घेतलं होतं. सरांच्या स्कूटरचा दिवा चालू राहिला होता. हिंदीतला 'आप' मराठीत कुठे जातो हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने सबंध ग्रुपसमोर, देवनागरीत, लिहिलं, 'काका, तू खाली ये. तुझा लाइट चालू आहे.'

चाळीस वर्षं ज्यांना शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत कुणी अरेतुरे केलं नव्हतं, त्या सरांना भर ग्रुपवर 'तू'. सगळे फोन हातात धरून बसले. वर 'टायपिंग' दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. मग सरांचा मेसेज आला. 'आलो.' त्याच्या खाली त्या तरुणाला अंगठा. खाली पार्किंगमध्ये त्यांनी त्याला 'तुम्ही' शिकवलं की नाही ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने आजींना 'आपण तुम्ही बरे आहात का' असं विचारलं, म्हणजे शिकवणी सुरू झाली असावी.

बाकी ग्रुप आहे तसाच आहे. 'काइंडली' अजून येतं, पार्किंगचं भांडण अजून इंग्रजीत होतं, आणि रोमनवाले रोमनच लिहितात. फक्त समितीचं उत्तर मराठीत येतं आणि त्यात तारीख असते. तुमच्याही ग्रुपवर हा घोळ असेल, तर मतदान घेऊ नका. पुढची सूचना गेल्यावर तुमच्या सेक्रेटरींना कुणाकुणाचे फोन आले तेवढं विचारा आणि त्या माणसांना वाचता येईल अशा भाषेत उत्तर द्या. आणि वॉचमनना ग्रुपमध्ये घ्या. आम्ही अजून घेतलेलं नाही. तो ठराव पुढच्या सभेत आहे, आणि त्याची नोटीस इंग्रजीत निघाली आहे.